टीबी बरा झाला, मग थुंकीत रक्त कशाचं?

जुलै २०२३. बोटी वर ओढून शाकारून ठेवलेल्या, बाहेर धो धो पाऊस. देवगडकडचा एक खलाशी भिजत माझ्या दवाखान्यात आला, सोबत बायको. वय बावन्न. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले तीन एक्स-रे आणि टीबीच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "डॉक्टरानू, माका तिसऱ्यांदा टीबी झालो म्हणतत. गोळ्ये घेव काय नको ता सांगा."

ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, पण आजाराची हकिकत जशी घडली तशीच सांगतो. छातीच्या आजारांचा डॉक्टर म्हणून मी किनारपट्टीवर जे पुन्हा पुन्हा बघतो, ते सगळं या एका माणसाच्या छातीत होतं.

पहिला टीबी २०१७चा. थुंकीत जंतू सापडले, सरकारी केंद्रातून सहा महिने गोळ्या घेतल्या, एकही डोस चुकवला नाही. शेवटी थुंकी निगेटिव्ह आली, कार्डावर 'बरा झाला' असा शेरा पडला. आणि तो खराच होता. टीबी बरा झाला म्हणजे जंतू मेले. पण जंतू असताना फुफ्फुसाचा जो भाग पोखरला गेला, तो काही परत उगवत नाही. थोडं नासलं असेल तिथे व्रण राहतो, जास्त नासलं असेल तिथे पोकळी राहते, श्वासनळ्या आजूबाजूच्या व्रणांनी ओढल्या जाऊन वेड्यावाकड्या रुंद होतात. जंतू गेल्यावर मागे उरणाऱ्या या सगळ्या पडझडीला डॉक्टर 'पोस्ट टीबी लंग डिसीज' म्हणतात. टीबीनंतरचा फुफ्फुसविकार. तो संसर्गजन्य नाही. टीबीच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही. आणि त्याची लक्षणं जवळजवळ टीबीसारखीच असतात: खोकला, दम, वजन घटणं, थुंकीत रक्त. सगळा घोळ इथे सुरू होतो.

आमच्या खलाशाला २०२२मध्ये पहिल्यांदा चमचाभर रक्त पडलं. एका ठिकाणी एक्स-रे काढला, उजवीकडे वर डाग दिसला, मागे टीबी होऊन गेल्याचं कळलं, आणि थुंकी न तपासताच पुन्हा सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला. रक्त चार दिवसांत थांबलं. साहजिकच सगळ्यांना वाटलं, गोळ्या लागू पडल्या. पण अशा प्रकारचं थोडं रक्त बहुतेक वेळा आपोआपच थांबतं. एप्रिल २०२३मध्ये कोर्स संपला, जूनच्या शेवटी पुन्हा रक्त आलं. या वेळी थुंकी सीबीनॅट यंत्रावर तपासली गेली आणि रिपोर्ट आला, 'टीबीचे जंतू आढळले, प्रमाण अगदी कमी'. म्हणून तिसऱ्यांदा पाकिटं हातात पडली.

मी आधी पिशवीतले तिन्ही एक्स-रे सुटे केले आणि तारखेप्रमाणे लाइट बॉक्सवर लावले. हे काम कुणीही करू शकतं, पण होत नाही, कारण जुने फोटो एकतर घरी राहतात नाहीतर पावसात कुजतात. २०१७च्या उपचारानंतरच्या फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात लिंबाएवढी पोकळी होती, पातळ कडा, आत फक्त हवा. २०२२च्या फोटोत त्याच पोकळीच्या कडा जाड झालेल्या. आणि आताच्या फोटोत पोकळीत एक गोल पांढरा गोळा बसलेला, वरच्या बाजूला हवेची चंद्रकोर. द्वितीयेच्या चंद्रासारखी बारीक, काळी.

एकटा शेवटचा फोटो बघितला असता तर 'डाग' दिसला असता. तिन्ही ओळीने बघितल्यावर गोष्ट दिसली: टीबीनं खोली बांधून ठेवली आणि त्यात दुसराच भाडेकरू राहायला आला.

हा भाडेकरू म्हणजे अॅस्परजिलस नावाची बुरशी. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. कुजणारा पेंढा, पाऊस खाल्लेलं लाकूड, भिंतीला चढलेली ओल, पावसाळ्यात आपल्याकडे कशाला बुरशी येत नाही? आपण सगळेच हे बीजाणू रोज श्वासात घेतो. निरोगी फुफ्फुसात ते टिकत नाहीत. श्वासनळीतला चिकट थर त्यांना पकडून वर ढकलतो, उरलेल्यांना पांढऱ्या पेशी खाऊन टाकतात. पण टीबीच्या पोकळीची भिंत म्हणजे व्रण. तिथे झाडलोट करणारा थर नाही, आतल्या मोकळ्या जागेत रक्त पोचत नाही, म्हणून पांढऱ्या पेशीही पोचत नाहीत. बीजाणू रुजतो, तंतू वाढतात, मेलेले तंतू, कफ आणि रक्त यांचा मिळून गोळा होतो. यालाच अॅस्परजिलोमा म्हणतात, साध्या भाषेत बुरशीचा गोळा.

पोकळी मोठी असेल तर हे दुर्मीळ नाही. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस टीबी बरा झालेले, पण अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी मागे राहिलेले ५४४ रुग्ण तपासले गेले. पहिल्या फेरीत सुमारे ११ टक्के लोकांत गोळा दिसला, काही वर्षांनी पुन्हा बघितलं तेव्हा १७ टक्के. त्यामुळे उपचार संपताना एक्स-रे काढून पोकळी उरली आहे का, केवढी, हे कागदावर लिहून ठेवण्याला माझ्या लेखी फार किंमत आहे. आपल्या टीबी कार्यक्रमात उपचारानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करायचा असतो. पण तिथे मुख्य प्रश्न असतो, जंतू परत आले का. उरलेलं फुफ्फुस कसं आहे, हा प्रश्न रुग्णानेच विचारावा लागतो.

आता सीबीनॅटच्या त्या 'अगदी कमी' रिपोर्टकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. हे यंत्र जंतूचा डीएनए शोधतं. जंतू जिवंत आहे की मेलेला, हे त्याला कळत नाही. टीबी होऊन गेलेल्याच्या छातीत मेलेल्या जंतूंचे अवशेष महिनोन् महिने, कधी काही वर्षं राहतात आणि खोकल्याबरोबर वर येतात. म्हणून पहिल्यांदाच आजारी पडलेल्या माणसाचा असा रिपोर्ट आणि आधी कोर्स घेतलेल्याचा असा रिपोर्ट यांचा अर्थ एक नसतो. जिवंत जंतू ओळखायचा तर तो वाढवून बघावा लागतो, म्हणजे कल्चर. द्रव माध्यमातल्या कल्चरला सहा आठवडे, ४२ दिवस वाट बघावी लागते.

उलट बाजूही तितकीच खरी. टीबी परतही येतो, विशेषतः पहिल्या एकदोन वर्षांत. त्यामुळे 'जुनाच व्रण आहे' म्हणून थुंकी न तपासणं हीसुद्धा चूकच. पोकळीत बुरशी आणि टीबी दोन्ही एकदम असू शकतात. आम्ही टीबी अधिकाऱ्यांशी बोललो, दोन दिवसांच्या दोन थुंक्या कल्चरला पाठवल्या आणि पाकिटं बाजूला ठेवली. माणूस तापाने फणफणलेला नव्हता, सूक्ष्मदर्शकाखाली एकही जंतू दिसला नव्हता, घरात लहान मूल नव्हतं, म्हणून थांबणं परवडणारं होतं. हे सगळ्यांना लागू होत नाही.

थांबण्याला आणखी एक कारण होतं. टीबीच्या गोळ्यांमधलं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की दुसरी कित्येक औषधं रक्तात टिकतच नाहीत. बुरशीवर जे इट्राकोनॅझोल द्यायचं, ते त्यात अव्वल. दोन्ही एकत्र दिली तर इट्राकोनॅझोल जवळजवळ पाण्यात जातं. रिफाम्पिसिन बंद केल्यावरही हा परिणाम ओसरायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे गरज नसताना टीबीचा कोर्स सुरू करणं हा नुसता वाया गेलेला वेळ नाही, त्याने खऱ्या आजाराचं औषधही मारलं जातं.

मधल्या काळात सीटी स्कॅन केला. एकदा पाठीवर झोपवून, एकदा पालथं. पालथं झोपल्यावर गोळा पोकळीत दुसऱ्या बाजूला घरंगळला. ही गाठ असती तर जागची हलली नसती. पण असा मोकळा गोळा नेहमीच मिळत नाही, तो भिंतीला चिकटलेला असला तर हलत नाही, आणि धूम्रपान करणाऱ्यात कर्करोगाची शंकाही बाजूला सारता येत नाही. म्हणून रक्तात अॅस्परजिलसविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं तपासली. ती भरपूर वाढलेली होती. बुरशीच्या निदानात ही रक्ततपासणी मोठा आधार आहे. थुंकीत बुरशी वाढली नाही म्हणून ती नाही, असं होत नाही.

त्याच सीटीत आणखी एक गोष्ट दिसली. गोळ्याच्या आजूबाजूच्या श्वासनळ्या रुंद झाल्या होत्या, ब्रॉन्किएक्टेसिस. वाडीतला पाट ज्यांनी बघितलाय त्यांना हे लगेच समजेल. काठ नीट असतील तर पाणी वाहतं राहतं. काठ ढासळून पाट जागोजाग पसरट झाला की पाणी साचतं, गाळ बसतो, शेवाळ धरतं. श्वासनळीत कफ असाच साचतो आणि त्यात जंतू वाढतात. मग रोज सकाळी वाटीभर हिरवट कफ. पण आमच्या खलाशाला कफ जवळजवळ नव्हताच, आणि त्यामुळेच आधी कुणाला शंका आली नाही. टीबी बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात बसतो. तिथल्या नळ्या कितीही रुंद झाल्या तरी त्यातला कफ उताराने आपसूक खाली निघून जातो. म्हणून टीबीनंतरचा ब्रॉन्किएक्टेसिस पुष्कळदा 'कोरडा' असतो, आणि त्याचं पहिलं लक्षण कफ नव्हे, रक्त असतं.

रक्त येतं कुठून, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. फुफ्फुसाला दोन ठिकाणहून रक्त मिळतं. एक हृदयाच्या उजव्या बाजूकडून, ऑक्सिजन भरून घ्यायला येणारं. त्याचा दाब कमी असतो. दुसरं थेट महाधमनीतून निघणाऱ्या बारीक ब्रॉन्कियल धमन्यांमधून, श्वासनळ्यांना पोसण्यासाठी. त्याचा दाब दंडावर मोजतो तेवढा, म्हणजे पहिल्याच्या पाचसहा पट. वर्षानुवर्षं सूज असलेल्या जागी या धमन्या जाड होतात, वेड्यावाकड्या फुटवे काढतात. पोकळीच्या भिंतीत अशा नाजूक, पण जोरात वाहणाऱ्या वाहिन्यांचं जाळं तयार होतं. बुरशी तिथे घासते, तिच्यातले पदार्थ भिंत कुरतडतात, आणि एखादी वाहिनी फुटते.

ऑगस्टमध्ये तेच झालं. पहाटे खोकताना दीड कप लाल रक्त. त्याच्या बायकोने फोन केला. मी विचारलं, "कुठल्या कुशीवर आहेत?" "डाव्या." मी म्हटलं, "उजव्या कुशीवर वळवा आधी, मग १०८ला फोन करा." हे का, ते प्रत्येक घरात माहीत असावं. फुफ्फुसातून रक्त येणारा माणूस बहुतेक वेळा रक्त कमी होऊन दगावत नाही, चांगल्या फुफ्फुसात रक्त उतरून गुदमरून दगावतो. आजारी बाजू खाली ठेवली की रक्त त्याच बाजूला राहतं. त्यासाठी आजार कोणत्या बाजूचा आहे हे घरच्यांना ठाऊक पाहिजे. मी आता रुग्णाच्या फाइलवर मोठ्या अक्षरात 'उजवी' किंवा 'डावी' लिहून देतो. चमचाभर रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. अर्धा कप किंवा जास्त आलं, किंवा थोडंच आलं पण दम लागला, तर सरळ रुग्णालय, आणि वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पोचताच पहिल्यांदा ते सांगावं.

तालुक्याला सलाइन, ऑक्सिजन आणि रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्झामिक अॅसिड देऊन त्याला स्थिर केलं आणि फोंडा घाटातून कोल्हापूरला हलवलं. कोकणातल्या रुग्णासाठी हा घाट आजाराचाच भाग आहे. फुटलेली धमनी बंद करण्याची सोय जिथे आहे ते कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी किंवा मुंबई, आणि पावसात वाट काही हातात नसते. कोल्हापुरात जांघेतल्या धमनीतून बारीक नळी छातीपर्यंत नेली, सुजलेली ब्रॉन्कियल धमनी शोधली आणि वाळूसारखे बारीक कण सोडून ती बुजवली. याला एम्बोलायझेशन म्हणतात. छाती उघडावी लागत नाही, भूलही फक्त जांघेपुरती. पण गोळा जागेवरच राहतो, त्यामुळे काही महिन्यांनी नवी वाहिनी वाढून पुन्हा रक्त येऊ शकतं, आणि बुरशीच्या गोळ्यात ते बऱ्याचदा येतं. एम्बोलायझेशनने वेळ मिळतो. कायमचा उपाय म्हणजे तो भाग कापून काढणं.

मग का नाही कापला? सप्टेंबरमध्ये कल्चरचे दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. टीबी नाही, हे नक्की झालं. रक्त थांबून सहा आठवडे झाल्यावर फुंकर मारायची तपासणी, स्पायरोमेट्री, केली. रक्त येत असताना ती करत नाहीत. पूर्ण श्वास भरून जोरात सोडल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते यात कळतं. त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाची साधारण अडीच लिटरच्या वर पडायला हवी. त्याची १.२ लिटर पडली. पूर्ण श्वासाच्या ५८ टक्केच हवा पहिल्या सेकंदात निघत होती, श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध ओढूनसुद्धा. हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली असलं की नळ्यांत अडथळा आहे. फुफ्फुसाचा एक भाग काढायचा तर पहिल्या सेकंदाची हवा साधारण दीड लिटर तरी असावी असा जुना ठोकताळा आहे. सर्जन म्हणाले, टेबलावरून उठेल, पण घरात चालताना धापा टाकेल.

हा माणूस आयुष्यात विडी ओढलेला नाही. तरी त्याला विडी ओढणाऱ्यासारखा दमा. टीबी बारीक श्वासनळ्यांभोवती व्रण करतो, त्या आवळल्या जातात, आणि हवा आत जाते पण लवकर बाहेर येत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांच्या एका मोठ्या अभ्यासात एकदा टीबी झालेल्यांपैकी १८ टक्क्यांत असा कायमचा अडथळा सापडला, दोनदा झालेल्यांत २७ आणि तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांत ३५ टक्क्यांत. दम लागतो म्हणून वय झालं, वजन वाढलं असं म्हणत आपण घरी बसतो, आणि दहा मिनिटांची ही तपासणी राहून जाते. तो २०१८पासून जाळं ओढताना थांबत होता. विचारलं कुणी नव्हतं.

उपचार असा ठरला. इट्राकोनॅझोल २०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, कॅप्सूल जेवणासोबतच, कारण ती रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. ॲसिडिटीची गोळी बंद. दर काही आठवड्यांनी यकृताची तपासणी, आणि पायाला सूज आली तर त्याच दिवशी फोन, कारण हे औषध क्वचित हृदय कमजोर करतं. कमीत कमी सहा महिने द्यायचं, आम्ही वर्षभर दिलं, कारण लवकर थांबवलं की आजार परत उचल खातो. दम्यासाठी टायोट्रोपियमचा पंप, स्टेरॉइड नसलेला. हे मुद्दाम लिहितो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पंपांत बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकॅसोन असतं. साध्या दम्यात ती उत्तम औषधं आहेत. पण इट्राकोनॅझोल त्यांना शरीरातून बाहेर पडू देत नाही, मग पंपातलं थोडंसं स्टेरॉइड गोळीएवढं साठतं, तोंड सुजतं, साखर वाढते. वर टीबी होऊन गेलेल्या फुफ्फुसात त्याने जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. म्हणून दोन डॉक्टरांची औषधं चालू असतील तर दोन्ही चिठ्ठ्या दोघांनाही दाखवाव्यात.

बायकोने मागच्या पडवीतला पेंढा आणि पाऊस लागलेली लाकडं गोठ्याकडे हलवली. त्याने बुरशी गेली असं मी म्हणणार नाही, पण झाडताना उडणारी धूळ त्याच्या छातीत जायची थांबली.

वर्षाने, सप्टेंबर २०२४मध्ये, वजन पाच किलो वाढलं होतं, प्रतिपिंडं निम्म्यावर आली होती, एम्बोलायझेशननंतर एकदाच थुंकीला लाल रेघ आली होती. गोळा मात्र सीटीत तसाच, थोडा आक्रसलेला. औषध पोकळीच्या भिंतीपर्यंत पोचतं, गोळ्याच्या गाभ्यापर्यंत नाही. दर सहा महिन्यांनी फोटो आणि रक्ततपासणी चालूच राहणार, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डॉक्टरानू, दर्यार जाव मा?"

ट्रॉलरवर नाही, म्हटलं. तो सात-आठ दिवस बाहेर राहतो, तिथे रक्त आलं तर किनारा गाठेपर्यंत काही उरणार नाही. पण पुतण्याची छोटी होडी सकाळी जाऊन दुपारी परतते, मोबाइलची रेंज सुटत नाही. तिच्यावर जा, जाळं पुतण्याला ओढू दे, आणि कुठली कूस खाली ठेवायची ते त्याला शिकवून ठेव.